वाचनालयाच्या सभासद मोहिमेची कॅप्शन: अनामत, मर्यादा, बाल विभाग आणि वेळा कशा लिहाव्यात

सभासद नोंदणीची मोहीम ठरली की तिची कॅप्शन लिहिण्याचे काम बहुतेक वेळा वाचनालयातल्या सर्वांत नव्या माणसाकडे येते. हातात एक छान फोटो असतो आणि त्याखाली काहीतरी लिहायचे असते. मग साधारण असा मजकूर तयार होतो:

«वाचाल तर वाचाल! नवीन सभासद नोंदणी १ मेपासून सुरू. नाममात्र अनामत. हजारो पुस्तके. मुलांसाठी स्वतंत्र विभाग. आजच भेट द्या!»

यातले एकही वाक्य चुकीचे नाही, तरी या कॅप्शनवर कोणी घरातून निघू शकत नाही. खिशात किती पैसे ठेवायचे, कोणते कागद घ्यायचे, मुलाला सोबत आणायचे का आणि दार कधी उघडे असेल, यातले काहीच कळत नाही. हे सगळे प्रश्न फोनवर आणि देवघेवीच्या टेबलावर येतात. गर्दीच्या वेळी तीच चार उत्तरे पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. शिवाय १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन. त्या दिवशी वाचनालयाला सुट्टी असेल, तर पहिल्याच दिवशी आलेली माणसे कुलूप पाहून परत जातील.

हाच मजकूर आपण खाली टप्प्याटप्प्याने दुरुस्त करणार आहोत. उदाहरणासाठी सोलापुरातले एक मध्यम आकाराचे सार्वजनिक वाचनालय आणि २ मे ते ३१ मे २०२६ ही मोहीम धरली आहे. रकमा, मुदती, वेळा केवळ उदाहरणापुरत्या आहेत. तुमच्या वाचनालयाचे आकडे तुमच्या नियमावलीतूनच घ्या.

लिहायला बसण्याआधी

नियमावली, कोरे पावतीपुस्तक आणि सभासद अर्ज या तीन गोष्टी समोर घ्या. सार्वजनिक वाचनालयाचे दर कार्यकारी मंडळ ठरवते. कॅप्शनमधला आकडा आणि पावतीवरचा आकडा वेगळा निघाला की वाद होतो, आणि तो वाद टेबलावर बसलेल्या माणसाला झेलावा लागतो. मागच्या वर्षीची पोस्ट उघडून तीत तारखा बदलण्याचा मोह टाळा. दरवाढ झाली असेल तर जुना आकडा तिथून गुपचूप नव्या मजकुरात उतरतो.

शब्दसुद्धा पावतीवर असतील तेच वापरा. पावतीवर ‘अनामत’ छापले असेल तर कॅप्शनमध्ये ‘डिपॉझिट’, ‘ठेव’, ‘सुरक्षा रक्कम’ असे आलटून पालटून लिहू नका. वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या रकमा वाटतात.

पैशांचा भाग

नव्या सभासदाकडून साधारण तीन प्रकारचे पैसे घेतले जातात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. प्रवेश शुल्क एकदाच द्यायचे असते आणि ते परत मिळत नाही. वर्गणी दर महिन्याची असते, तीही परत मिळत नाही. अनामत एकदाच भरायची असते आणि सभासदत्व सोडताना ती परत मिळते. तिसरी रक्कम आणि पहिल्या दोन यांतला हा फरक कॅप्शनमध्ये स्वच्छ दिसला पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाच्या डोक्यात हे सगळे मिळून ‘फी’ असते. ‘अनामत ३०० रुपये’ एवढेच वाचणाऱ्याला वाचनालय महाग वाटते. ‘अनामत ३०० रुपये, सभासदत्व सोडताना परत’ असे वाचले की हिशेब बदलतो.

आपल्या उदाहरणात प्रवेश शुल्क ५० रुपये, अनामत ३०० रुपये आणि वर्गणी महिना ४० रुपये आहे. नियमाप्रमाणे नव्या सभासदाने पहिल्या तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ भरायची असते. म्हणजे ४० गुणिले ३, एकूण १२० रुपये. मोहिमेत प्रवेश शुल्क माफ आहे. तेव्हा पहिल्या दिवशी लागणारी रक्कम ३०० अधिक १२०, म्हणजे ४२० रुपये. हा ४२० चा आकडा कॅप्शनमधला सर्वांत उपयोगी आकडा आहे आणि नेमका तोच बहुतेक पोस्टमध्ये नसतो. ‘वर्गणी फक्त ४० रुपये’ वाचून शंभराची नोट घेऊन आलेला माणूस ४२० ऐकून अवघडतो, ‘नंतर येतो’ म्हणून निघून जातो आणि सहसा परत येत नाही. म्हणून एकूण रक्कम आधी लिहा आणि तिची फोड लगेच तिच्यापुढे द्या.

सवलत कशात द्यायची हे मंडळ ठरवते, पण कॅप्शन लिहिणाऱ्याने फरक समजून घेतलेला बरा. प्रवेश शुल्क माफ केले तर वाचनालयाचे तेवढे उत्पन्न जाते, तिथेच विषय संपतो. अनामत माफ केली तर प्रश्न पुढे सरकतो. अनामत हे उत्पन्न नसते. ती सभासदाची रक्कम असते, वाचनालयाकडे ठेवलेली, आणि हिशेबात देणे म्हणूनच दाखवली जाते. पुस्तक हरवले किंवा सभासद गाव सोडून गेला, तर पुस्तकाची किंमत तिच्यातूनच वसूल होते. ती घेतलीच नसेल तर पुस्तकामागे कसलाही आधार उरत नाही. उलट तीन वर्षांनी तोच सभासद ‘माझी अनामत परत द्या’ म्हणू शकतो, कारण मोहिमेत ती भरलेली नव्हती हे तोवर कोणाला आठवत नाही. मंडळाने तरीही अनामतीत सवलत दिली, तर प्रत्यक्ष किती रक्कम घेतली आणि तीच परत मिळेल, हे कॅप्शनमध्येही लिहा आणि पावतीवरही.

‘परत मिळेल’ या शब्दांसोबत अट हवी. साधी अट एका ओळीत बसते: मूळ पावती दाखवल्यावर, बाकी वर्गणी आणि न आलेल्या पुस्तकाची किंमत वजा करून. अट लपवली तर वर्षाची वर्गणी थकवलेला सभासद पूर्ण ३०० मागतो आणि कॅप्शनचा स्क्रीनशॉट पुढे करतो. त्याचे म्हणणे चुकीचे नसते, कारण तुम्ही तसेच लिहिलेले असते.

महिना कसा मोजला जातो, हा पैशांतला आणखी एक कोपरा. काही वाचनालयांत २० मे रोजी नाव घातले तर पहिला महिना १९ जूनपर्यंत धरतात. काही ठिकाणी वर्गणी इंग्रजी महिन्याप्रमाणे चालते, म्हणजे २० मे रोजी आलेल्यालाही मे महिन्याची पूर्ण वर्गणी द्यावी लागते आणि त्याचे तीन महिने जुलैअखेर संपतात. दुसरी पद्धत असेल तर मोहिमेच्या उत्तरार्धात आलेल्यांची नाराजी ठरलेली. तेव्हा ‘वर्गणी मे, जून, जुलै या तीन महिन्यांची’ असे महिन्यांची नावे घालून लिहा.

पोस्टच्या चित्रावर पैसे भरण्याचा क्यूआर कोड टाकू नका. फॉरवर्ड होत जाणाऱ्या चित्रावरचा कोड कोणी बदलला तर ते तुम्हाला कळणारही नाही. खरा कोड असला तरी अर्ज न भरता आलेले पैसे कोणाच्या नावावर टाकायचे, हा पेच उरतो. पैसे टेबलावर, पावती हातात. यूपीआय चालत असेल तर ‘रोख किंवा यूपीआय, वाचनालयातच’ एवढे लिहिले की झाले.

किती पुस्तके, किती दिवस, कोणती नाहीत

‘एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक’ ही मर्यादा लिहिणे सोपे असते. अडचण येते ती पुस्तकाच्या किमतीची. अनेक वाचनालयांत असा नियम असतो की सभासदाकडे असलेल्या पुस्तकांची किंमत त्याच्या अनामतीपेक्षा जास्त नसावी. नियम योग्य आहे, कारण अनामत त्यासाठीच असते. पण अनामत ३०० आणि हवी असलेली नवी कादंबरी ४५० रुपयांची, असे झाले की नवा सभासद पहिल्याच भेटीत खट्टू होतो. आजकाल जाड मराठी पुस्तक ३०० च्या आत क्वचितच येते, म्हणून हा प्रसंग रोजचा आहे. तुमच्याकडे हा नियम असेल तर तो कॅप्शनमध्ये आलाच पाहिजे, आणि त्यासोबत मार्गही: जास्त अनामतीचा दुसरा गट.

आपल्या उदाहरणात दुसरा गट असा आहे: अनामत ६०० रुपये, वर्गणी महिना ७० रुपये, दोन पुस्तके आणि एक मासिक. पहिल्या दिवशी ६०० अधिक २१०, म्हणजे ८१० रुपये. या गटात एकच ४५० चे पुस्तक नेता येते, किंवा ४५० आणि १५० ची दोन. दोन गट पुरेत. नियमावलीत चार-पाच गट असले तरी कॅप्शनमध्ये सर्वांत जास्त चालणारे दोनच द्या आणि ‘इतर गटांची माहिती वाचनालयात’ असे लिहा. फोनच्या पडद्यावर पाच ओळींचा तक्ता कोणी वाचत नाही.

मुदत लिहिताना दिवस मोजून पाहा. ‘१५ दिवस’ ही मुदत जुनी आणि सर्वांच्या तोंडी असलेली आहे. पण १५ दिवस म्हणजे दोन आठवडे आणि वर एक दिवस. वाचनालय सोमवारी बंद असेल, तर रविवारी पुस्तक नेणाऱ्याची परतीची तारीख नेहमी सोमवारीच येणार. रविवार, ३ मे रोजी नेलेल्या पुस्तकाची तारीख १८ मे, सोमवार. दार बंद. मंगळवारी तो आला की एक दिवसाचा दंड. नोकरदार माणसे रविवारीच येतात, म्हणजे हा दंड नेमका त्यांच्याच वाट्याला येतो. ‘परतीच्या दिवशी सुट्टी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी दंड नाही’ हे वाक्य कॅप्शनमध्ये असावे. मंडळाला मुदत १४ दिवस करायची सुचवता आली तर फारच उत्तम. मग ज्या वारी पुस्तक नेले त्याच वारी परत, लक्षात ठेवायलाही सोपे.

दंड लिहायला संकोच नको. ‘उशीर झाल्यास दिवसाला १ रुपया’ एवढे स्पष्ट असले की कोणाला राग येत नाही. ‘नियमानुसार विलंब शुल्क’ हे शब्द मात्र भीती घालतात, कारण त्यातून आकडा कळत नाही. मुदतवाढ फोनवर मिळते की पुस्तक घेऊन यावे लागते, हेही चार शब्दांत सांगा.

जे घरी मिळत नाही ते आधी सांगितलेले चांगले. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड आणि इतर संदर्भग्रंथ वाचनालयातच वाचायचे असतात. मासिकाचा चालू अंक पुढचा अंक येईपर्यंत टेबलावरच राहतो. स्पर्धा परीक्षेची पुस्तके घरी देता की अभ्यासिकेतच वाचायची, हे सोलापुरात हमखास विचारले जाते, कारण जिल्ह्यातल्या गावांतून तयारीसाठी आलेली मुले शहरात भाड्याने राहतात. त्यांना लागणारी पुस्तके अभ्यासिकेतच असतील तर ती देवघेवीच्या वर्गणीत येत नाहीत हे स्पष्ट लिहा. दिवाळी अंकांची योजना वेगळी असेल तर मे महिन्याच्या कॅप्शनमध्ये तिचा उल्लेख नको. ती ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र जाहीर करा, नाहीतर लोक आत्ताच ते पैसे धरून चालतात.

बाल विभाग

मुलांचा विभाग हा मे महिन्याच्या मोहिमेतला सर्वांत मोठा ओढा असतो, आणि ‘मुलांसाठी स्वतंत्र विभाग’ या तीन शब्दांत तो वाया जातो. आईवडिलांचे प्रश्न अगदी ठरलेले असतात: कितवीपासून, किती पैसे, कोणी सोबत यायचे, कोणत्या भाषेतली पुस्तके.

वयाऐवजी इयत्ता लिहा. ‘६ ते १४ वर्षे’ वाचून सहा पूर्ण की सहावे लागलेले, असा प्रश्न येतो. ‘पहिली ते आठवी’ लिहिले की कोणी विचारत नाही. सुट्टीत मात्र एक घोळ होतो: निकाल लागलेला असतो, नवी इयत्ता सुरू व्हायची असते. आठवी पास झालेला मुलगा बालसभासद की मोठा? ‘जूनमध्ये ज्या इयत्तेत जाणार ती धरावी’ असे एक वाक्य टाका. पहिलीच्या आतल्या मुलांना चित्रांची पुस्तके तिथेच बसून पाहता येत असतील तर तसेही लिहा, म्हणजे धाकट्या भावंडाला घरी ठेवून यावे लागत नाही.

बालसभासदाची अनामत १०० रुपये आणि वर्गणी महिना १५ रुपये धरली, तर तीन महिन्यांचे ४५ मिळून पहिल्या दिवशी १४५ रुपये होतात. एका वेळी एक पुस्तक, मुदत ८ दिवस. अर्जावर पालकांची सही लागते, म्हणून पहिल्या दिवशी पालक हवेतच. नंतर मूल एकटे येऊन पुस्तक बदलू शकते का, हे ग्रंथपालांना विचारून लिहा. पालक आधीच सभासद असतील तर मुलाची वेगळी अनामत लागते का, हाही प्रश्न सुटलेला असावा. हरवलेल्या किंवा फाटलेल्या पुस्तकाची जबाबदारी सही करणाऱ्याची असते, हे अर्जावर लिहिलेले असते. तेच एका छोट्या वाक्यात कॅप्शनमध्ये आले तर नंतर कोणी ‘लहान मूल आहे हो’ म्हणून वाद घालत नाही. आठवीनंतर अनामतीतला फरक भरून तेच सभासदत्व मोठ्यांच्या विभागात बदलून मिळत असेल, तर पालकांना ते ऐकायला आवडते. इथे फरक ३०० वजा १००, म्हणजे २०० रुपये.

भाषेचा मुद्दा सोलापुरात टाळता येत नाही. पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबेही शहरात सर्वत्र आहेत. त्या भाषांतली मुलांची पुस्तके तुमच्या कपाटात असतील तर स्पष्ट लिहा. नसतील तर ‘सर्व भाषांतील पुस्तके’ असे मोघम मुळीच लिहू नका. एखादे तेलुगू कुटुंब दोन रिक्षा बदलून येते आणि कपाटात सात-आठ जुनी पुस्तके पाहते, तेव्हा ते कायमचे तुटते. पुस्तके खरोखर असतील तर त्या लिपीत एक ओळ जरूर टाका. पण ती ओळ ती भाषा घरात बोलणाऱ्या आणि वाचता येणाऱ्या सभासदाकडून तपासून घ्या. फोनवर भाषांतर करून चिकटवलेली ओळ वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

फोटोत मुले असतील तर पालकांची परवानगी घ्या. शाळेच्या गणवेशातली, ओळखपत्र लटकवलेली मुले फोटोत नकोत, कारण त्यावरून शाळा आणि नावही वाचता येते. मांडणीवर लावलेल्या पुस्तकांचा फोटो तेवढेच काम करतो.

वेळा

वाचनालयाची वेळ एक नसते. वृत्तपत्र विभाग, देवघेव, बाल विभाग आणि नवीन नोंदणी या प्रत्येकाची वेळ वेगळी असते, आणि दारावरच्या पाटीवर यातली एखादीच असते. कॅप्शनमध्ये पाटीवरची वेळ उतरवली की गोंधळ होतो. देवघेव रात्री ८ पर्यंत चालत असली, तरी पावणेआठला आलेल्या नव्या माणसाचे नाव घालता येत नाही. अर्ज भरणे, कागद पाहणे, पावती, नोंदवहीतली नोंद आणि कार्ड या सगळ्याला वेळ लागतो, आणि त्याच सुमारास पुस्तक बदलणाऱ्यांची रांग असते. म्हणून नोंदणीची वेळ देवघेवीच्या अर्धा तास आधी संपवा आणि तीच ठळक लिहा.

दुपारची सुट्टी लिहायला विसरू नका. सकाळी ८ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ८ अशी वेळ असेल, तर ‘सकाळी ८ ते रात्री ८’ असे कधीही लिहू नका. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात दुपारी दोनला बंद दारापाशी आलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. ‘सकाळी’, ‘सायंकाळी’ हे शब्द पूर्ण लिहा.

बाल विभागाची वेळ सुट्टीत बदलते. उन्हामुळे मुलांना सकाळी बोलावणे बरे, म्हणून मेमध्ये सकाळी ९ ते ११. शाळा सुरू झाल्या की सायंकाळी ५ ते ७. ‘शाळा सुरू होईपर्यंत’ असे लिहू नका, कारण सगळ्या शाळा एकाच दिवशी उघडत नाहीत. तारीखच द्या: १४ जूनपर्यंत सकाळी, १६ जूनपासून सायंकाळी.

मोहीम जानेवारीत असेल तर गड्डा यात्रेचे दिवस पाहून घ्या. होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला तेव्हा वाहतूक वळवलेली असते. वाचनालय त्या भागात असेल तर त्या आठवड्यात कोणत्या बाजूने यायचे, हे वेळेइतकेच महत्त्वाचे ठरते. एरवीही पत्त्यात पेठेच्या नावासोबत चौक किंवा ठळक खूण आणि मजला लिहा. जिना चढावा लागत असेल तर ज्येष्ठ वाचकांसाठी तेही नमूद करा.

आता कॅप्शन

पहिल्या दोन ओळींवर सगळे अवलंबून आहे. इन्स्टाग्रामवर सुरुवातीचा थोडासा मजकूरच दिसतो आणि बाकीचा दाबल्यावर उघडतो. त्या जागेत सुविचार आला तर तारीख आणि रक्कम आत दडते. सगळा मजकूर २,२०० अक्षरांत बसला पाहिजे, ही तिथली मर्यादा आहे, आणि मराठीत काना-मात्रा-वेलांट्याही त्यात मोजल्या जातात. खालचा मजकूर त्यात आरामात मावतो:

«नवीन सभासद नोंदणी: शनिवार, २ मे ते रविवार, ३१ मे २०२६. प्रवेश शुल्क माफ. ४२० रुपयांत सभासद व्हा, त्यातले ३०० अनामतीचे, परत मिळणारे.

गट १: अनामत ३०० + मे, जून, जुलैची वर्गणी १२० = ४२० रुपये. एक पुस्तक, एक मासिक.
गट २: अनामत ६०० + तीन महिन्यांची वर्गणी २१० = ८१० रुपये. दोन पुस्तके, एक मासिक.
बालसभासद (जूनमध्ये पहिली ते आठवीत जाणारे): अनामत १०० + वर्गणी ४५ = १४५ रुपये. एक पुस्तक, ८ दिवस. पहिल्या दिवशी पालक सोबत हवेत.

पुस्तकाची मुदत १५ दिवस, मासिकाची ५ दिवस. परतीच्या दिवशी सुट्टी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी दंड नाही. एरवी उशीर झाल्यास दिवसाला १ रुपया. घरी नेलेल्या पुस्तकांची एकूण किंमत अनामतीपेक्षा जास्त नसावी. संदर्भग्रंथ व मासिकांचे चालू अंक वाचनालयातच वाचता येतील.

अनामत मूळ पावती दाखवल्यावर, बाकी रक्कम असल्यास ती वजा करून परत.

नोंदणी: सकाळी ८ ते १०.३०, सायंकाळी ५ ते ७.३०
देवघेव: सकाळी ८ ते ११, सायंकाळी ५ ते ८
बाल विभाग: १४ जूनपर्यंत सकाळी ९ ते ११, १६ जूनपासून सायंकाळी ५ ते ७
सोमवारी बंद.

सोबत आणा: आधार कार्डाची प्रत, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, दोन फोटो. पैसे रोख किंवा यूपीआय, वाचनालयातच.
(वाचनालयाचे पूर्ण नाव, मजला, जवळची खूण, चौक, फोन)»

कागदांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर किंवा कॉमेंटमध्ये मागवू नका. कोणी पाठवलाच तर तो लगेच काढून टाका आणि प्रत घेऊन यायला सांगा. भाड्याने राहणाऱ्यांच्या आधारवर गावाचा पत्ता असतो, म्हणून ‘सध्याच्या पत्त्याचा पुरावा’ वेगळा लिहिला आहे. भाडेकरार नसेल तर काय चालते, हे फोन उचलणाऱ्याला माहीत असू द्या.

टाकण्याआधी आणि नंतर

मजकूर आधी देवघेवीवर बसणाऱ्यांना वाचायला द्या, कारण रोजचे प्रश्न त्यांना पाठ असतात. मग वाचनालयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला द्या आणि तीनच गोष्टी विचारा: मुलाचे नाव घालायला किती पैसे नेशील, किती वाजता जाशील, काय सोबत घेशील. तो १४५ ऐवजी १५ म्हणाला, तर त्याने वर्गणीचा आकडा उचलला आहे. तुमची ओळ अजून साफ झालेली नाही. बेरजा कॅल्क्युलेटरवर एकदा पडताळा आणि तारीख-वार कॅलेंडरवर.

हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवताना रक्कम आणि तारीख ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना * चिन्ह लावता येते. तीच प्रत इन्स्टाग्रामवर चिकटवली तर ठळक अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या दिसतात, म्हणून दोन प्रती वेगळ्या ठेवा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. अर्जाची लिंक द्यायचीच असेल तर ती प्रोफाइलमध्ये ठेवा.

मोहीम संपली की १ जूनला फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या पोस्टची पहिली ओळ बदला: ‘मोहीम ३१ मे रोजी संपली. आता प्रवेश शुल्क ५० रुपये, गट १ साठी एकूण ४७०.’ व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही आणि तो वर्षभर फिरत राहतो. पुढच्या मेमध्ये कोणी तोच संदेश घेऊन ४२० रुपये पुढे केले, तर पहिल्या ओळीतल्या ‘२०२६’वर बोट ठेवून समजावता येते.